बंद पडलेल्या लिफ्टमधली दोनपात्री एकांकिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत कॉलेजांच्या संहिता वाचायला येतात, तेव्हा त्यांत एखादी तरी लिफ्टची असतेच. त्यासोबत येणारे प्रश्नही दर वर्षी जवळपास सारखेच असतात, म्हणून ते एकत्र केले. उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच कथानक वापरलंय. ते प्रश्न ४ मध्ये पूर्ण सांगितलंय, बाकीची उत्तरं अधूनमधून तिकडे बोट दाखवतील.

१. लिफ्टमध्ये दोन माणसं अडकतात हा विषय घासून गुळगुळीत झालेला नाही का?

परिस्थिती जुनी आहे, आणि ती जुनी असण्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते दोघं अडकल्यावर आपापली दुःखं सांगायला लागतात तेव्हा. एक जण म्हणतो माझं लग्न मोडलं, दुसरा म्हणतो माझी नोकरी गेली, मग दोघं रडतात आणि लिफ्ट सुरू होते. ही गोष्ट बसस्टॉपवरही घडली असती. लिफ्ट हवी असेल, तर लिफ्टमुळेच शक्य होणारं काहीतरी घडायला हवं. बाहेर ज्याच्या हातात सगळं असतं त्याच्या हातात इथे काहीच उरत नाही, आणि दोघांपैकी कुणालाही उठून निघून जाता येत नाही. ही दुसरी गोष्ट फार मोलाची. एरवी भांडणात हरणारा माणूस निघून जातो आणि नाटक संपतं. इथे हरलेल्यालाही जिंकणाऱ्यापासून दीड फुटावर उभं राहावं लागतं.

२. ‘सत्ता पालटते’ म्हणजे नेमकं काय पालटतं? कोण जास्त बोलतं ते?

नाही. पुष्कळदा जास्त बोलणारा माणूस खाली असतो, कारण तो समजावत असतो, सफाई देत असतो. सत्ता ज्याला समोरच्याची गरज कमी आहे त्याच्याकडे असते. त्यामुळे प्रत्येक पानावर स्वतःला एकच प्रश्न विचारा : या क्षणी कुणाला कुणाकडून काय हवंय? ज्याला हवंय तो खाली.

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम करताना कीथ जॉनस्टन यांनी नटांसाठी या वर-खालीचे व्यायाम बसवले. त्यांची उपमा सी-सॉची होती. एक जण वर जातो म्हणजे दुसरा खाली येतोच, आणि स्वतः वर जायचे दोन रस्ते असतात : आपण उंच व्हायचं किंवा समोरच्याला खाली दाबायचं. नवे लेखक दुसराच रस्ता सारखा वापरतात, म्हणून त्यांची पात्रं पहिल्या पानापासून एकमेकांचे अपमान करत सुटतात. पहिल्या रस्त्याचं उदाहरण प्रश्न ४ मध्ये डब्याच्या प्रसंगात आहे.

३. दोन पात्रं कशी निवडायची? मालक-नोकर ही जोडी फारच सोपी नाही का?

सोपी आहे, आणि सुरुवातीला सोपीच घ्या. प्रेक्षकाला पहिल्या मिनिटाला न सांगता कळलं पाहिजे की बाहेरच्या जगात वर कोण आहे. ते कळलं नाही तर पुढे काय उलटलं तेही कळणार नाही.

मी घेतलेली जोडी अशी. म्हसकर, वय ६३, हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी. शोभा, वय ३८, त्याच इमारतीत चार घरी धुणीभांडी आणि पोळ्या करणारी. घरकामाला येणाऱ्यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये, अशी पाटी कितीतरी इमारतींत आजही दिसते. इथे ती पाटी म्हसकरांनीच लावलीय. म्हणजे लिफ्ट ही फक्त जागा राहत नाही, भांडणाचा विषयच होते. तुमची जोडी वेगळी असू द्या, पण त्या दोघांत लिफ्टमध्ये शिरण्याआधीच काहीतरी देणंघेणं हवं. पूर्ण अनोळखी माणसांना सत्तेसाठी झगडायला कारण मिळायलाच दहा मिनिटं जातात.

४. सत्ता किती वेळा पालटावी? एखादं उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगाल का?

चाळीस मिनिटांत पाच-सहा वेळा पुरे. प्रत्येक पालट आधीच्या पालटातून निघाला पाहिजे. शक्यतो वर असलेल्या माणसानं स्वतःच्या ताकदीचा वापर केला म्हणूनच ती हातातून गेली, असं झालं तर उत्तम.

सातव्या मजल्यावर शोभा लिफ्टमध्ये शिरते. आत म्हसकर आहेत.

म्हसकर : ए, ही लिफ्ट तुम्हा लोकांसाठी नाही. पाटी वाचता येत नाही?
शोभा : येते साहेब. तुमची ती मागची लिफ्ट बंद आहे, तीन दिवस झाले.
म्हसकर : मग जिना आहे. आजपासून तुझा गेटपास बंद.

पहिल्या पायरीवर म्हसकर वर आहेत, कारण गेटपास गेला तर शोभाची चार घरं एकदम जातात. मग वीज जाते आणि लिफ्ट चौथ्या-तिसऱ्या मजल्यांमध्ये थांबते. म्हसकर बेल दाबतात, इंटरकॉम उचलतात, दोन्ही मुकं. त्यांच्या फोनला रेंज नाही, शोभाच्या फोनला एक कांडी आहे. पण ते तिचा फोन हातात घेतात तेव्हा कळतं की वॉचमनचा नंबर त्यांना पाठ नाही, कारण वॉचमन त्यांना फोन करतो, ते वॉचमनला करत नाहीत. शोभाकडे तो नंबर आहे, नावासकट. पारडं फिरलं.

वॉचमन सांगतो की लिफ्टवाले सेक्रेटरीशी बोलल्याशिवाय माणूस पाठवणार नाहीत म्हणतायत. म्हणजे आता म्हसकरांची सही चालते, शोभाची नाही. ते पुन्हा ताठ होतात, तिच्याच फोनवरून लिफ्टवाल्यांना झापायला लागतात. रेंज तुटक, म्हणून फोन स्पीकरवर. आणि स्पीकरवरून लिफ्टवाले सांगतात की देखभालीचा करार मार्चमध्येच संपला, दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. म्हसकरांनी सर्वसाधारण सभेत करार झाल्याचं सांगितलं होतं. शोभा ज्या चार घरी जाते, त्यांतलं एक घर सभेत सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्या बाईंचं आहे. ती काहीच म्हणत नाही, फक्त फोन परत घेते. झापायला गेले नसते, तर हे बाहेर पडलंच नसतं.

पुढचा पालट माझा सगळ्यात आवडता. म्हसकर तिला विचारतात, ‘काय पाहिजे तुला?’ शोभा आधी नको म्हणते, मग मुलीच्या फीचा आकडा सांगते. आकडा सांगितला त्या क्षणी ती खाली आली. म्हसकर हसतात : ‘म्हणजे तूही त्यातलीच.’ गप्प असेपर्यंत ती त्यांच्यापेक्षा मोठी होती, मागणी केल्यावर व्यवहारातली झाली. आणि व्यवहार हे त्यांचं मैदान. ते लगेच घासाघीस करायला लागतात.

घासाघीस चालू असताना म्हसकर घामेजतात, चिडचिड करतात, बोटं थरथरतात. प्रेक्षकाला वाटतं राग आहे. खरं म्हणजे त्यांनी मधुमेहाची गोळी घेतलीय आणि नाश्ता केलेला नाही, साखर उतरतेय. शोभाला हे आधी ओळखू येतं, कारण सातव्या मजल्यावरच्या आजींना तिनं असंच बघितलंय. ती डबा उघडून गुळाचा खडा पुढे करते. बदल्यात काही मागत नाही. मागितलं असतं तर तो परत व्यवहार झाला असता. न मागता दिल्यामुळे म्हसकरांना कुठेच पकड उरत नाही. ज्या बाईला लिफ्टमध्ये उभं राहू दिलं नाही, तिच्या हातचा गूळ ते खातात.

५. आमची पात्रं भांडतात खूप, पण तालमीत ते सपाट वाटतं. काय चुकतंय?

संहितेचं एक पान घ्या आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात वरचा बाण किंवा खालचा बाण काढा. सपाट पानावर सगळे बाण एकाच दिशेला दिसतील, किंवा एकाआड एक, टेबल टेनिससारखे. दोन्ही कंटाळवाणंच. चांगल्या पानावर चार-पाच वाक्यं एकच माणूस वर राहतो, आणि मग एखाद्या लहानशा वाक्यावर घसरतो.

दुसरी तपासणी म्हणजे पालट कशामुळे झाला ते एका शब्दात लिहा. प्रश्न ४ मधले शब्द असे येतात : गेटपास, नंबर, सही, स्पीकर, आकडा, गूळ. तुमच्या यादीत ‘ओरडला’, ‘चिडली’, ‘जास्तच चिडला’ असं येत असेल, तर ते पालट नाहीत, नुसता आवाज आहे.

६. मराठीत लिहिताना सत्ता दाखवायचं काही खास साधन आहे का?

आहे, आणि बहुतेक लेखक ते फुकट घालवतात. ‘तू’ आणि ‘तुम्ही’. म्हसकर सुरुवातीला ‘ए’ आणि ‘तू’ म्हणतात. फोन हवा असतो तेव्हा वाक्य कर्त्यावाचून येतं : ‘जरा लावता येईल का?’ ‘तू’ गिळला, ‘तुम्ही’ अजून तोंडातून निघत नाही. स्पीकरच्या प्रसंगानंतर ‘शोभाबाई, तुम्ही’ येतं, आणि तिनं आकडा सांगितल्याबरोबर परत ‘तू’. शोभा ‘साहेब’पासून सुरू करते, म्हसकर घामेजल्यावर तिच्या तोंडून ‘काका, बसा खाली’ निघतं. ते ‘काका’ प्रेमाचं आहे की बरोबरीचं, हे नटीनं ठरवायचं.

मात्र हे बदल संवादात बोलून दाखवू नका. ‘आता मला तुम्ही म्हणायला लागलात!’ असं वाक्य आलं की प्रेक्षकानं स्वतः पकडलेली गोष्ट तुम्ही त्याच्या हातातून काढून घेतली.

७. लिफ्ट बंद पडायचं खरं कारण द्यावं लागतं का? ‘लाइट गेली’ पुरत नाही का?

आता पुरत नाही. बऱ्याच नव्या लिफ्टना बॅटरीवर चालणारी यंत्रणा असते. वीज गेली की ही यंत्रणा लिफ्टची गाडी हळूहळू जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडते. अशा इमारतीत राहणारा प्रेक्षक तिथेच अडेल. माझ्या कथानकात ती यंत्रणा आहे, पण देखभाल नसल्यानं बॅटरी मेलीय. म्हणजे लिफ्ट अडकण्याचं कारण आणि म्हसकरांचं गुपित एकच आहे. वेगळं कारण हवं असेल तर दाराचा संपर्क तुटणं हेही खरं आहे. दार नीट लागलं नसेल तर सुरक्षेसाठी लिफ्ट जागच्या जागी थांबते.

दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, ‘हवा संपतेय.’ लिफ्टची गाडी हवाबंद नसते, तिला वायुवीजनासाठी फटी असतात. पात्राला गुदमरल्यासारखं वाटू शकतं, ते भीतीनं. दुसरी, ‘दोर तुटतोय.’ प्रवासी लिफ्टला एकापेक्षा जास्त पोलादी दोर असतात, आणि गाडी फार वेगानं खाली जायला लागली तर ती रुळांना पकडून ठेवणारी वेगळी यंत्रणा असते. पात्राला हे माहीत नसलं तरी चालेल, लेखकाला माहीत हवं. खरा धोका दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टचं दार स्वतः उचकटून बाहेर पडण्यात असतो, कारण गाडीच्या खालची पोकळी उघडी असते. हा धोका नाट्याच्या कामाचा आहे : एक जण दार ओढतोय, दुसरा त्याला धरून ठेवतोय.

८. मोबाइलचं काय करायचं? सगळे ‘रेंज नाही’ लिहितात.

तेही खोटं नाही. धातूची पेटी काँक्रीटच्या विहिरीत लटकत असते, रेंज जाते. पण फोन गायब करणं म्हणजे आयतं हत्यार फेकून देणं. एकाचा लागतो आणि दुसऱ्याचा नाही, हे जास्त चांगलं. फोन लागतोय आणि तरी सुटका होत नाही, हे त्याहून चांगलं. एक लक्षात ठेवा : फोन चालू आहे असं दाखवलंत की ११२ ला फोन का केला नाही, असं प्रेक्षक विचारणार. त्याचं उत्तर पात्राच्या स्वभावातून द्या. म्हसकर म्हणतात, ‘पोलीस नकोत, सोसायटीची अब्रू जाईल.’ ते असं का म्हणतायत हे दहा मिनिटांनी कळतं.

९. मंचावर लिफ्ट दाखवायची कशी?

सहा माणसांच्या लिफ्टची आतली जागा साधारण ११०० बाय १००० मिलिमीटर असते, म्हणजे साडेतीन फूट बाय सव्वातीन फूट. पाटीवर ४०८ किलो लिहिलेलं असतं, माणशी ६८ धरून. तालमीचा पहिला आठवडा जमिनीवर एवढीच चौकट चिकटपट्टीनं आखा आणि तिच्यातच काम करा. कोपर लागतं, श्वास लागतो, नजर कुठे ठेवायची कळत नाही, हे सगळं अंगात मुरू द्या. मग मंचावर चौकट सहा बाय पाच फुटांची करा. खऱ्या मापात तोंडं दिसत नाहीत. पण आठवडाभर मुरलेली अडचण अंगात राहते.

दार प्रेक्षकांच्या बाजूला असल्याचं माना. लिफ्टमध्ये माणसं दाराकडे तोंड करून उभी राहतात, त्यामुळे चेहरे आपोआप समोर येतात. पाइपांचा सांगाडा उभा करू नका, बसलेल्या नटाच्या तोंडावर नेमका पाइप येतो. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत तर भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो, तिथे नेपथ्यावर खर्च करण्यात तसाही अर्थ नाही.

१०. एवढ्याशा जागेत हालचाली काय द्यायच्या?

कमी. बटणांजवळ कोण उभं आहे, कोपरा कुणाकडे आहे, कोण बसलंय, पिशवी कुणाच्या जागेत ठेवलीय, एवढ्यावर चाळीस मिनिटं निघतात. म्हसकर सुरुवातीला मध्यभागी पाय फाकून उभे असतात, शोभा पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यात. शोभा ती पिशवी खाली ठेवते तो क्षण राखून ठेवा. आमच्या तालमीत नटीनं ती तिसऱ्याच मिनिटाला ठेवून टाकली होती, हात दुखतात म्हणून. मग स्पीकरच्या प्रसंगात तिच्याकडे करायला काही उरेना. पिशवीतले बटाटे कमी केले आणि प्रश्न सुटला.

११. लिफ्टमध्ये अंधार झाला तर? पूर्ण अंधारात प्रवेश चालेल का?

मिनिटभर चालेल, आणि त्या मिनिटात पारडं फिरवा. अंधारात वय, कपडे, पद काहीच दिसत नाही, फक्त आवाज उरतो. म्हसकरांचा आवाज चिरकतो, शोभाचा तसाच राहतो. त्यानंतर फोनचा उजेड करा. ज्याच्या हातात फोन, तो ठरवणार कुणाचा चेहरा दिसेल.

१२. वॉचमन आणि लिफ्टवाल्यांचा आवाज आला तर ते दोनपात्री राहतं का?

प्रयोग म्हणून राहतं. पण स्पर्धेचे नियम वेगवेगळे असतात, तेव्हा आपल्या स्पर्धेचं पत्रक वाचा. नाट्य म्हणून धोका असा की बाहेरचा आवाज लवकरच न्यायाधीश होतो आणि आतले दोघं त्याला पटवत बसतात. आवाज अर्धवट ठेवा. मला तर वॉचमन ऐकूच येऊ नये असं वाटतं. शोभा ऐकते आणि म्हसकरांना सांगते, आणि ती किती सांगते आणि किती गाळते, यातही सत्ता आहे. स्पीकर मात्र लागतोच (प्रश्न ४).

१३. शेवटी एक जण खुनी निघतो किंवा भूत निघतो, असा धक्का दिला तर?

येणाऱ्या संहितांत हे इतकं आहे की आता धक्का बसत नाही. शिवाय त्यानं आधीचा सगळा झगडा खोटा ठरतो, कारण भूत असेल तर त्याला सुरुवातीपासून काहीच नको होतं. प्रेक्षकाला जे विसाव्या मिनिटाला कळतं तेच तिसाव्याला जास्त बोचतं, असं गुपित बघा. संपलेला करार हे क्षुल्लक गुपित आहे. पण ते त्याच लिफ्टचं आहे.

१४. शेवटी दार उघडलंच पाहिजे का?

मला वाटतं, हो. न उघडता अंधार करणं म्हणजे लेखकानं परीक्षा चुकवणं. आतमध्ये जे उलटलं ते बाहेरच्या माणसांसमोर टिकतं का, हे बघायला प्रेक्षक थांबलेला असतो.

सुटका खरी दाखवा. माणूस वरच्या मशीनरूममध्ये जाऊन मुख्य वीज बंद करतो, ब्रेक सैल करतो आणि चाक हातानं फिरवून गाडी मजल्याला आणतो. आत हे थोडं सरकणं, थांबणं, पुन्हा सरकणं असं जाणवतं. नटांना दर धक्क्याला एक प्रतिक्रिया मिळते. या धक्क्यांमध्ये म्हसकर हळूहळू शर्ट नीट करतात, तोंडावरचा घाम पुसतात, परत सेक्रेटरी होत जातात. दार उघडतं. समोर माणसं जमलीयत (आपण, म्हणजे प्रेक्षक). कुणीतरी काय झालं विचारतंय असं धरून म्हसकर म्हणतात, ‘काही नाही, लाइट गेली होती. ही बाई घाबरली होती जरा.’ शोभाच्या हातात डब्याचं झाकण आहे. ती ते लावते. बाहेर आधी कोण पडतं, हे आम्ही दोन प्रयोगांत दोन तऱ्हांनी केलं. शोभा आधी गेली तेव्हा टाळ्या आल्या. ती आतच थांबली आणि तिनं सातव्या मजल्याचं बटण दाबलं, तेव्हा टाळ्या आल्या नाहीत, पण प्रयोगानंतर लोक बोलायला थांबले. मी दुसरा ठेवला.

१५. दोघंही सारख्याच दर्जाची असतील, उदाहरणार्थ दोन मित्र किंवा नवरा-बायको, तर हे सगळं लागू होतं का?

होतं, फक्त सुरुवातीची पायरी दिसत नाही, ती तुम्हाला बांधावी लागते. कुठे निघालेत ते त्यासाठी वापरा. दोन मित्र एकाच नोकरीच्या मुलाखतीला निघालेत आणि वेळ फक्त एकाचीच चुकतेय. नवरा-बायको कोर्टात निघालेत आणि उशीर झाला तर फायदा एकाचाच आहे. असं केलं की ‘लवकर सुटू दे’ आणि ‘थोडा वेळ सुटू नये’ अशा दोन विरुद्ध गरजा तयार होतात. दोघांनाही फक्त सुटायचंच असेल तर ती दोघं एकाच बाजूची झाली, झगडा कशाचा?

१६. प्रयोगासाठी परवानगी लागते का?

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घेतात. ते हातात यायला वेळ लागतो, तेव्हा तालमी सुरू व्हायच्या आधीच संहिता पाठवा.

१७. आमच्याकडे दोन्ही मुलीच आहेत. म्हसकरांची म्हसकरबाई केली तर चालेल?

चालेल, पण नुसतं नाव बदलून नाही. शोभा पुरुषासमोर कोपऱ्यात पिशवी धरून उभी असते त्यात सावधपणाही आहे. बाईसमोर तो जाईल, त्याजागी दुसरं काही हवं. ‘साहेब’चं ‘मॅडम’ होईल, पण ‘काका’चं ‘काकू’ करू नका. पोळ्या करणारी बाई घरातल्या बाईला रोजच काकू म्हणते, त्यात पालट ऐकू येणार नाही. आमच्या एका गटानं तिथे शोभाच्या तोंडी नुसतं ‘अगं, बस खाली’ घातलं. तालमीत म्हसकरबाई झालेली मुलगी ते ‘अगं’ ऐकून संवादच विसरली. मग ती चूक आम्ही तशीच ठेवली.